वसतिगृहाच्या भेटीच्या वेळा आणि रजेचे नियम पालकांसाठी मराठीत आणताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वसतिगृहाची इंग्रजी नियमावली मराठीत करून पालकांना द्यायची म्हटली की डोकेदुखी दोनच परिच्छेदांत असते. भेटायला कोणी आणि केव्हा यायचे हा एक, आणि मुलांना रजा कशी मिळते हा दुसरा. मेसचा किंवा विजेच्या शेगडीचा नियम भाषांतरात थोडा इकडेतिकडे झाला तर मुले एकमेकांना विचारून सावरून घेतात. या दोन परिच्छेदांतली चूक मात्र पालकाला भोगावी लागते, आणि तीही प्रवास करून आल्यावर, फाटकापाशी उभे असताना. अशा सूचना मराठीत करताना मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले, त्यांची ही उत्तरे आहेत.

इंग्रजी मजकूर समोर आहे. वाक्यामागून वाक्य मराठीत केले की झाले ना?

नाही. मूळ मजकूर बहुतेक वेळा विद्यार्थी आणि कार्यालय यांच्यासाठी लिहिलेला असतो. त्यात पालक ही फक्त सही करणारी व्यक्ती असते. मराठी मजकूर वाचणार पालक, म्हणजे वाचकच बदलला. ज्या गोष्टी मुलांना पहिल्या आठवड्यातच कळतात (कुठल्या खिडकीवर अर्ज द्यायचा, रविवारी कार्यालय उघडे असते का, भेटकक्ष कुठे आहे), त्या पालकाला कोणी सांगितलेल्या नसतात.

म्हणून भाषांतराला हात घालण्याआधी मजकुराच्या समासात प्रश्न लिहून काढावेत आणि ते घेऊन दोघांकडे जावे. पहिले वॉर्डन. दुसरे फाटकावरचे वॉचमन, कारण नियम प्रत्यक्षात कसा चालतो हे त्यांनाच ठाऊक असते. "भेटीची वेळ ४ ते ६" असे कागदावर असेल, तर पावणेसहाला आलेल्या पालकाला आत सोडतात का? सोडले तर सहाला उठवतात, की बोलणे संपेपर्यंत थांबू देतात? वॉर्डन म्हणतील, सहापर्यंत भेट. वॉचमन म्हणतील, साडेपाचनंतर आम्ही वहीत नाव घेत नाही. हे उत्तर हाती आल्यावरच मराठी वाक्य लिहिता येते: "भेटीची वेळ सायंकाळी ४ ते ६. साडेपाचनंतर येणाऱ्यांना आत सोडले जाणार नाही."

दोघांची उत्तरे जुळली नाहीत, तर तो प्रश्न वॉर्डननी सोडवायचा असतो. भाषांतरकाराने मधला मार्ग काढून स्वतःच नियम बनवू नये.

'पेरेंट' म्हणजे पालक, 'गार्डियन' म्हणजेही पालक. मग दोन्ही एकाच वाक्यात आले तर?

ही मराठीतली खरी अडचण आहे. शाळा-महाविद्यालयाच्या मराठीत 'पालक' हा शब्द आई-वडिलांनाही लागतो आणि त्यांच्या जागी जबाबदारी घेणाऱ्यालाही. इंग्रजीत हे दोन वेगळे शब्द आहेत आणि नियमात त्यांचे अधिकारही बहुधा वेगळे असतात. रजेचा अर्ज फक्त आई किंवा वडिलांनी करायचा, आणि मुलाला न्यायला 'लोकल गार्डियन' आला तर चालेल, असा नियम असू शकतो. दोन्हीकडे नुसते 'पालक' लिहिले, तर गावाकडच्या वडिलांना वाटणार की शहरातल्या मावसभावाने अर्ज दिला तरी पुरे.

मी असे करतो. नियम आई-वडिलांपुरता असेल तिथे सरळ "आई किंवा वडील" असे लिहितो. शहरात राहणाऱ्या जबाबदार व्यक्तीला "स्थानिक पालक" म्हणतो आणि पहिल्याच उल्लेखाला एका वाक्यात अर्थ देतो: "स्थानिक पालक म्हणजे प्रवेश अर्जात ज्यांचे नाव, पत्ता आणि सही आपण दिली आहे ती व्यक्ती." नुसता 'पालक' हा शब्द मी सूचनेच्या मायन्यात आणि जिथे दोघांपैकी कोणीही चालेल तिथेच ठेवतो. आई-वडील दोघेही हयात नसलेले किंवा आजी-आजोबांकडे वाढलेले विद्यार्थी असतातच, त्यांच्यासाठी "आई-वडील नसल्यास कायदेशीर पालक" एवढे एकदा जोडावे.

भेटायला येऊ शकणाऱ्या नातेवाइकांची यादी मराठीत तर सोपी व्हायला हवी. मग त्यातच गोंधळ का होतो?

आपल्याकडे नात्यांचे शब्द भरपूर आहेत, आणि बोलताना आपण ते सैल वापरतो, म्हणून. इंग्रजीतल्या 'ब्रदर'चा मी एका सूचनेत सरळ 'भाऊ' केला होता. कार्यालयाच्या लेखी ब्रदर म्हणजे सख्खा भाऊ. मराठी घरात चुलत, मामे, आते, मावस असे सगळेच भाऊ असतात, आणि कोणी विचारल्याशिवाय 'चुलत' असे कोणी सांगत नाही. एका मुलीच्या आत्याचा मुलगा पाच तासांचा बसप्रवास करून, हातात फराळाचा डबा घेऊन आला. यादीत 'भाऊ' लिहिले होते, म्हणून तो निर्धास्त होता. वॉचमनने ओळखपत्र पाहिले, आडनाव वेगळे निघाले, आणि त्याला फाटकातूनच परत जावे लागले. डबा तेवढा आत गेला. चूक वॉचमनची नव्हती, माझी होती.

तेव्हापासून मी 'सख्खा भाऊ, सख्खी बहीण' असेच लिहितो, आणि पुढच्या ओळीत नाव घेऊन सांगतो की चुलत, मामे, आते आणि मावस भावंडांना वेगळी परवानगी लागते. ओळ लांबते, पण फाटकावरचा वाद तिथेच संपतो.

'अंकल-आंटी'चे याच्या उलट आहे. मूळ मजकुरात 'अंकल' असेल तर मराठीत काका लिहायचे की मामा? दोन्ही लिहा, आणि मावशी-आत्यांचे यजमानही त्यात धरले आहेत का हे आधी विचारून घ्या. 'इमीजिएट फॅमिली'साठी "जवळचे नातेवाईक" हा प्रतिशब्द कधीच वापरू नये. जवळचे कोण, हे प्रत्येक घर आपापले ठरवते. "रक्ताचे नातेवाईक" म्हटले तर वहिनी आणि मेहुणे बाहेर पडतात. नाती नावानिशी मोजून लिहिणे एवढाच उपाय आहे.

वॉर्डनला मराठीत काय म्हणायचे?

त्या वसतिगृहाच्या दारावरच्या पाटीवर जे लिहिले असेल ते. समाजकल्याण खात्याच्या शासकीय वसतिगृहांत 'गृहपाल' हा शब्द रुळलेला आहे, काही ठिकाणी 'अधीक्षक' म्हणतात, आणि खासगी वसतिगृहांत बहुतेक सगळे 'वॉर्डन'च म्हणतात. पालक फाटकावर येऊन "अधीक्षक कुठे भेटतील?" असे विचारणार आणि वॉचमनला तो शब्दच माहीत नसणार, अशी वेळ आणू नये. शासकीय पत्रव्यवहारासाठी पदनामे हवी असतील तर भाषा संचालनालयाचा पदनाम कोश आहे. पालकांच्या सूचनेला मात्र पाटी हाच कोश.

'व्हिजिटर'साठी कोशात 'अभ्यागत' सापडतो. तो कोशातच राहू द्यावा. "भेटायला येणारे" हे दोन शब्द सगळ्यांना कळतात.

वेळ लिहिताना काय चुकते?

आकडे सहसा चुकत नाहीत. चुकतात ते आकड्याला चिकटलेले शब्द.

'पर्यंत' आणि 'च्या आत' यांत बोलताना फारसा फरक वाटत नाही, पण लोक 'सातपर्यंत'चा अर्थ सात वाजून पाच-दहा मिनिटे असा सैल घेतात. परतण्याच्या वेळेसाठी "सायंकाळी ७ वाजण्यापूर्वी फाटकावर नोंद झालेली असावी" असे लिहिले की सूट घेता येत नाही. "सातला परत यावे" यात तर सात ही पोहोचायची वेळ आहे की त्या सुमाराची, हेच उघड होत नाही.

'तीन दिवसांत' आणि 'तीन दिवसांनी' यांत एका अक्षराचा फरक आहे आणि अर्थ उलटा होतो. घाईत टाइप करताना ही चूक मी दोनदा पकडली आहे. "रजेच्या तीन दिवस आधी" हेही अपुरेच, कारण रजेचा दिवस धरून तीन की सोडून तीन? त्यापेक्षा वार लिहावा: "शनिवारी रजा हवी असल्यास अर्ज बुधवारी सायंकाळी ५ पूर्वी."

मध्यरात्र ही सगळ्यांत फसवी. मूळ नियमात "रविवार ००:००" असे असेल, तर घड्याळाच्या हिशेबाने तो क्षण शनिवारची रात्र संपताना येतो. आपल्या बोलण्यात "रविवारी रात्री बारा" म्हणजे रविवार संपताना. बरोबर चोवीस तासांचा फरक पडतो. अशा ठिकाणी "शनिवारी रात्री १२ वाजता (रविवार सुरू होताना)" असे दोन्ही बाजूंनी बांधून लिहावे. किंवा वॉर्डनना गळ घालून ती वेळ रात्री ११:५९ करून घ्यावी, म्हणजे प्रश्नच मिटतो.

आणखी एक गोष्ट. २४ तासांच्या घड्याळातले १९:३० तसेच ठेवू नये. "सायंकाळी ७:३० (साडेसात)" असे अंकी आणि अक्षरी लिहावे, कारण बऱ्याच घरांत सूचना एक जण वाचतो आणि बाकीचे ऐकतात. ऐकणाऱ्याच्या लक्षात साडेसात राहतो.

आणि 'परवा' हा शब्द सूचनेत कुठेही नको. तो मागेही जातो आणि पुढेही.

"दर पंधरवड्याला एका रविवारी भेट" असा नियम आहे. हे बरोबर आहे का?

भाषांतर बरोबर असेल, पण पालकाला त्याचा उपयोग नाही, कारण कुठला रविवार हे त्यातून कळत नाही. 'एकाआड एक रविवार' आणि 'दुसरा व चौथा रविवार' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महिन्यात पाच रविवार आले की दोन्ही हिशेब एकमेकांपासून सुटतात. चौथ्या रविवारनंतर एकाआड एक मोजत गेलात तर पुढची भेट नव्या महिन्याच्या पहिल्या रविवारी येते, आणि दुसरा-चौथा धरलात तर दुसऱ्या. कार्यालय कुठला हिशेब पाळते ते विचारा आणि सत्रातल्या भेटीच्या सगळ्या तारखा खाली छापा. दहा-बारा तारखा म्हणजे फार जागा जात नाही. तारखा लिहिताना दिवस आधी अंकांत आणि महिना अक्षरांत ठेवावा, म्हणजे ५/६ हा जूनमधला दिवस की मेमधला असा प्रश्न उरत नाही.

'लीव्ह' म्हणजे रजा की सुट्टी?

रजा. सुट्टी सगळ्यांना मिळते आणि ती मागावी लागत नाही. रजा एकाला मिळते आणि ती मागावी लागते. "पाल्याला सुट्टी हवी असल्यास" असे लिहिले की पालक विचारतात, कॉलेजला सुट्टी आहे का? उलट "दिवाळीच्या रजेत" असे लिहिले तर वाटते की दिवाळीत घरी यायलाही अर्ज करावा लागणार. काही वसतिगृहांत खरोखरच करावा लागतो, म्हणून तेही विचारून घ्यावे.

पण 'लीव्ह' या एका शब्दाखाली नियमावलीत सहसा तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. दिवसा काही तास बाहेर जाणे, ज्याला मुले आउटपास म्हणतात. एखादी रात्र बाहेर मुक्काम करणे, म्हणजे त्यांचा नाइट आउट. आणि घरी जाणे. पालकांशी संबंध येतो तो मुख्यतः दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात. तिघांना एकच 'रजा' म्हटले तर पालकाला वाटते की मुलगी संध्याकाळी वह्या आणायला गेली तरी आपले पत्र लागणार. मी तीन मथळे करतो: "दिवसा बाहेर जाणे", "रात्रीचा मुक्काम बाहेर करणे", "घरी जाण्याची रजा".

'लीव्ह'चा दुसरा सापळा क्रियापदाचा आहे. "बिफोर लीव्हिंग द हॉस्टेल" याचे "वसतिगृह सोडण्यापूर्वी" असे करून ठेवतात. मराठीत वसतिगृह सोडणे म्हणजे सामानसुमान घेऊन कायमचे जाणे. त्याच वाक्यात पुढे "खोलीची किल्ली जमा करावी" असे असले की आई घाबरून फोन करते, मुलाला काढून टाकले का? "वसतिगृहातून बाहेर पडण्यापूर्वी" असे लिहावे.

'मे' आणि 'शॅल'चे काय करायचे?

हा भाग सगळ्यांत जास्त जपायचा, कारण इथे भाषांतरकार नकळत नियम बदलतो.

इंग्रजी नियमांतला 'शॅल' म्हणजे बंधन. त्याला "परत येईल", "अर्ज देईल" असा भविष्यकाळ दिला की नियमाचे भाकीत होते. "परत यावे" हे विनंतीकडे झुकते, तरी सूचनेच्या भाषेत ते चालते. जिथे दंड किंवा कारवाई जोडलेली आहे तिथे "परत आलेच पाहिजे" किंवा "परत येणे बंधनकारक आहे" हवे. 'शॅल नॉट'साठी "करू नये" मवाळ पडते. तिथे "करता येणार नाही" योग्य.

'मे' याहून नाजूक आहे. "रेसिडेंट्स मे बी ग्रांटेड लीव्ह" याचा अर्थ रजा मिळू शकते, म्हणजे नाकारलीही जाऊ शकते. मराठीत "रजा दिली जाईल" असे झाले की पालक त्याला हक्क समजतात, तिकीट काढतात, आणि मग नकार आला की वचन मोडल्याचा राग येतो. "रजा मिळू शकते" हे व्याकरणाने बरोबर आहे, पण कानाला ते जवळजवळ होकारासारखेच लागते. म्हणून मी अर्थ उलगडून ठेवतो: "अर्ज दिला म्हणजे रजा मंजूर झाली असे नाही. वॉर्डनकडून मंजुरी कळल्यानंतरच प्रवासाचे आरक्षण करावे."

'डिस्क्रीशन'ला कोशात विवेकाधिकार, स्वेच्छाधिकार असे शब्द आहेत. पालकांना ते कळत नाहीत. "वॉर्डनच्या मर्जीनुसार" हे कळते, पण त्यात मनमानीचा वास येतो आणि कोणाही वॉर्डनला ते आवडत नाही. "वॉर्डन परिस्थिती पाहून निर्णय घेतील" यात दोघांचाही मान राहतो.

एक नियम पूर्ण करून दाखवाल का?

समजा मूळ इंग्रजी नियमाचा आशय असा आहे: आठवड्याच्या शेवटी रात्रीच्या मुक्कामाची रजा आई किंवा वडिलांच्या लेखी विनंतीवरून दिली जाऊ शकते. विनंती आधीच्या गुरुवारी सायंकाळी ५ पर्यंत पोहोचली पाहिजे. विद्यार्थ्याने रविवारी रात्री ८ पर्यंत परतले पाहिजे, तसे न झाल्यास पुढच्या महिन्यात रजेचा विचार होणार नाही. प्रवेश अर्जात नाव असल्याशिवाय आणि छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवल्याशिवाय स्थानिक पालकाला विद्यार्थ्याला नेता येणार नाही.

त्याचे पहिले भाषांतर बहुधा असे येते:

"निवासींना सप्ताहांतास रात्र रजा पालकांच्या लेखी विनंतीवर मंजूर करण्यात येईल, जी अगोदरच्या गुरुवारी सायं. ५ वाजेपर्यंत प्राप्त झालेली असावी. निवासी रविवारी रात्री ८ पर्यंत परत येतील, अन्यथा पुढील महिन्यात रजेचा विचार केला जाणार नाही. प्रवेश अर्जात नमूद व छायाचित्रासह ओळखपत्र सादर केल्याशिवाय स्थानिक पालकांना निवासींना नेण्यास अनुमती नाही."

प्रत्येक शब्द मराठी आहे, तरी पालकाच्या हाती काही लागत नाही. 'मंजूर करण्यात येईल' ने 'मे'चा हक्क केला. 'पालक' म्हणजे आई-वडील की कोणीही, हे कळत नाही. 'सप्ताहांत' म्हणजे शुक्रवारची रात्र धरून की नाही, हे मुळातही नव्हते. 'प्राप्त झालेली असावी' म्हणजे पोस्टाने, मेलवर की व्हॉट्सअॅपवर? 'पुढील महिन्यात' म्हणजे पुढचे तीस दिवस की पुढचा कॅलेंडरचा महिना? 'निवासी' हा शब्द तर कोणी आई आपल्या मुलाला लावणार नाही. शेवटच्या वाक्यात दोन अटी एका 'शिवाय'ला टांगल्या आहेत, त्यामुळे एक पुरी झाली तरी पुरे असे वाटू शकते.

कार्यालयाला विचारल्यावर अशी उत्तरे मिळाली असे धरू: रजा शनिवारी सकाळपासून, शुक्रवारची रात्र धरलेली नाही. अर्ज आई किंवा वडिलांच्या सहीचा, पण त्याचा स्वच्छ फोटो कार्यालयाच्या व्हॉट्सअॅप क्रमांकावर आला तरी चालतो. महिना म्हणजे कॅलेंडरचा. मग मजकूर असा होतो:

"शनिवार-रविवारची रजा
ही रजा शनिवारी सकाळी ९ पासून रविवारी रात्री ८ पर्यंत असते. शुक्रवारची रात्र तिच्यात येत नाही.
रजेसाठी आई किंवा वडिलांनी स्वतःच्या सहीचा अर्ज द्यावा. अर्जाचा स्वच्छ फोटो कार्यालयाच्या व्हॉट्सअॅप क्रमांकावर पाठवला तरी चालेल. अर्ज त्याच आठवड्यातील गुरुवारी सायंकाळी ५ पूर्वी मिळाला पाहिजे.
अर्ज दिला म्हणजे रजा मंजूर झाली असे नाही. वॉर्डन परिस्थिती पाहून निर्णय घेतील आणि शुक्रवारी दुपारपर्यंत कळवतील.
पाल्याला न्यायला स्थानिक पालक येणार असतील तर दोन्ही अटी पूर्ण झाल्या पाहिजेत: त्यांचे नाव प्रवेश अर्जात असावे, आणि येताना त्यांनी फोटो असलेले मूळ ओळखपत्र आणावे.
पाल्याने रविवारी रात्री ८ वाजण्यापूर्वी परत येणे बंधनकारक आहे. उशीर झाल्यास पुढच्या संपूर्ण कॅलेंडर महिन्यात ही रजा मिळणार नाही."

सकाळी ९, शुक्रवारी दुपार आणि मूळ ओळखपत्र या तीन गोष्टीही मूळ मजकुरात नव्हत्या. त्याही कार्यालयाने सांगितल्या म्हणून आल्या, आणि छापण्याआधी वॉर्डनची त्या ओळींवर वेगळी सही घेतली. भर घातलेली प्रत्येक गोष्ट अशी दाखवून द्यावी, नाहीतर सहा महिन्यांनी "हे कुठून आले?" असा प्रश्न येतो आणि उत्तर द्यायला कोणी नसते.

'पाल्य' पुल्लिंगी वाटते. मुलींच्या पालकांनाही तेच पाठवायचे का?

फक्त मुलींचे वसतिगृह असेल तर सरळ 'आपली मुलगी' लिहावे, सगळ्यांत छान वाचले जाते. दोन्हींसाठी एकच कागद असेल तर 'मुलगा/मुलगी' आणि 'आला/आली' अशा तिरक्या रेघांनी वाक्य भरून जाते. मराठीत यावर सोपी युक्ती आहे: पाल्य कर्ता म्हणून प्रथमेत येऊच देऊ नये. "पाल्य उशिरा आला तर" ऐवजी "पाल्याला उशीर झाला तर", "पाल्य रजेवर गेला असताना" ऐवजी "पाल्याच्या रजेच्या काळात". क्रियापद दुसऱ्या शब्दाला बांधले गेले की लिंगाचा प्रश्न गळून पडतो. वरच्या नमुन्यात पाहा, एकदाही आडवा आलेला नाही.

मुलींच्या वसतिगृहात खोलीपर्यंत पुरुषांना प्रवेश नसतो. तिथे "पुरुष अभ्यागतांस सक्त मनाई" हे वडिलांना उद्देशून आहे, हे लिहिताना लक्षात राहत नाही. "वडील, भाऊ आणि इतर पुरुष नातेवाइकांची भेट भेटकक्षात होईल. आई आणि बहीण यांना खोलीपर्यंत जाता येईल" असे लिहिले की नियम तेवढाच कडक राहतो, पण वडिलांना आपण संशयित असल्यासारखे वाटत नाही. अर्थात आई-बहिणीला खरोखर खोलीपर्यंत सोडतात का, हेही आधी विचारलेले असावे.

'इमर्जन्सी'ला आणीबाणी म्हणावे का?

नको. आणीबाणी म्हटले की लोकांना १९७५ आठवते. "तातडीच्या प्रसंगी" पुरते. नियमात आजारपण, अपघात आणि मृत्यू यांचा उल्लेख असेल तर तो सरळ करावा, फक्त मृत्यूसाठी "घरात दुःखद प्रसंग घडल्यास" असे म्हणावे. या कलमात पालकाला दोनच गोष्टी हव्या असतात: रात्री कोणता क्रमांक उचलला जातो, आणि लेखी अर्ज नंतर दिला तर चालेल का. त्या दोन ओळी ठळक कराव्यात.

"मराठी व इंग्रजी मजकुरात तफावत असल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य धरला जाईल" ही ओळ घालायची का?

कार्यालयाने सांगितले तर घाला. पण जो पालक इंग्रजी वाचत नाही म्हणून भाषांतर केले, त्यालाच ही ओळ सांगते की तू वाचलेस ते अंतिम नाही. ती ओळ असो वा नसो, वेळा, तारखा आणि नाती यांत तफावत उरता कामा नये. दोन्ही कागद शेजारी ठेवून फक्त आकडे आणि वार जुळवत जायचे, बाकी काही वाचायचे नाही, असा एक वेगळा फेरा मी नेहमी मारतो. पंधरा मिनिटे लागतात.

भाषांतर कळते की नाही, हे कसे तपासायचे?

"समजले का?" असे विचारू नये. सगळे हो म्हणतात. ज्यांनी मूळ इंग्रजी पाहिलेले नाही अशा दोन पालकांना मजकूर फोनवर वाचून दाखवावा आणि प्रसंग घालून विचारावे. रविवारी साडेपाचला मेहुण्यांना पाठवले तर भेट होईल का? शनिवारी न्यायचे असेल तर अर्ज कोणी आणि कुठल्या वारी द्यायचा? गुरुवारी अर्ज दिला, शुक्रवारी सकाळी काही कळले नाही, तर तिकीट काढाल का? बस बंद पडली आणि रविवारी नऊ वाजले, तर काय होईल? उत्तर चुकले किंवा "बहुतेक" असे आले की ती ओळ पुन्हा लिहायची. बहुतेक वेळा अडते ते मेहुण्यांवर आणि तिकिटावर.

व्हॉट्सअॅपवर पाठवल्यावर अक्षरे बिघडतात, ती कशामुळे?

मजकूर जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. कागदावर तो नीट छापला जातो, पण कॉपी करून पाठवला की निरर्थक चिन्हे दिसतात. सुरुवातीपासून युनिकोडमध्येच टाइप करावे. तरीही पाठवण्यापूर्वी एखाद्या जुन्या, स्वस्त फोनवर उघडून 'येणाऱ्या' आणि 'दुसऱ्या' या शब्दांतला ऱ्या नीट दिसतो का ते पाहावे, तो बहुधा आधी मोडतो. पालकांना मजकूर आणि त्याचे चित्र असे दोन्ही पाठवलेले बरे. चित्र सगळीकडे सारखे दिसते, आणि मजकूर मोठा करून किंवा फोनकडून वाचून घेता येतो.

सत्राच्या मध्ये वेळ बदलली तर?

फक्त बदललेली ओळ पाठवू नका. पालकांच्या फोनमध्ये जुनी सूचना असतेच, आणि शोधल्यावर तीच आधी सापडते. पूर्ण सूचना नव्याने पाठवावी, वर "दि. १५ जानेवारीपासून लागू. आधीची सूचना रद्द" असे लिहावे, आणि बदललेल्या ओळीच्या शेवटी कंसात जुनी वेळ द्यावी: "सायंकाळी ४ ते ५:३० (आधी ४ ते ६ होती)". फाटकावर लावलेला जुना कागद त्याच दिवशी काढायला वॉचमनला सांगून ठेवावे.